बारावरून अकरावर

आमच्या घरात स्टिअरिंग एकच आहे आणि ते जेवणाच्या टेबलाला घट्ट आवळलेलं असतं. त्यामुळे शर्यतीच्या रविवारी आम्ही सगळे ताटं हातात घेऊन उभ्याने जेवतो. सुरुवातीला आईने यावरून बरीच आदळआपट केली. पण सारी नोकरी लांब पल्ल्याची बस चालवण्यात घालवलेल्या माणसाला दिवसभर खिडकीशी नुसतं बसलेलं बघण्यापेक्षा उभ्याने जेवणं परवडलं, असं पुढे तिचं तिनेच ठरवलं.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला. वाचा परत आली, हातही परत आला. उजवा पाय मात्र सांगितलेलं ऐकतो, पण जरा विचार करून ऐकतो. डॉक्टरांनी गाडीला हात लावायला मनाई केली आणि लायसन्स गेलं. तेव्हा टर्बोने सुटे भाग जमवून एक कॉम्प्युटर जुळवला, स्टिअरिंग आणि पेडल आणले आणि बाबांना शर्यतीच्या गेमसमोर बसवलं. टर्बो म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी तो इतका भराभर बोलायचा की पाहुण्यांना मी मध्ये बसून अर्थ सांगायचे, तेव्हापासून हे नाव चिकटलं. त्याचं बोलणं सुधारलं, घाई गेली नाही.

बाबा या खेळात पडले ते अगदी मनापासून. लांब शर्यतींची एक लीग आहे. तीन तासांची शर्यत, एक गाडी, दोन चालक, दोघे आपापल्या घरून. एक चालवत असताना दुसरा जोडलेला राहून वाट बघतो आणि गाडी पिटमध्ये, म्हणजे पेट्रोल-दुरुस्तीला थांबायच्या जागी, आली की तिथे चालक बदलतात. एकाने सलग सगळी शर्यत ओढायची नाही, दोघांच्याही वाट्याला ठरावीक वेळ आलाच पाहिजे, नाहीतर गाडी बाद. बाबांचा जोडीदार दातांचा डॉक्टर आहे. आम्ही त्याला कधीच प्रत्यक्ष बघितलेलं नाही, फक्त हेडफोनमधून ऐकलंय. माणूस सभ्य आहे. बाबांना काका म्हणतो, मला ताई म्हणतो.

मागच्या दोन्ही शर्यतींत बाबा एकाच ठिकाणी भिंतीत गेले. लांब उतार संपतो आणि एकदम उजवीकडे वळायचं असतं, तिथे. दोन्ही वेळा टर्बो ओरडला, "हँग झालं! चित्र अडकलं!" आणि दोन्ही वेळा ते खरंच अडकलं होतं. पण डेंटिस्टला त्याच्या घरून आमचा पडदा दिसत नाही. त्याला दिसते फक्त भिंतीत गेलेली गाडी. या रविवारी सकाळी त्याने मला वेगळा फोन केला.

"ताई, स्पष्टच विचारतो, राग मानू नका. काकांना जमतंय ना अजून? नाही म्हणजे, त्यांच्या जागेसाठी एक पोरगा मागे लागलाय. मी त्याला थांबवलाय. पण आज पुन्हा तसंच झालं तर मला थांबवता येणार नाही."

राग मानू नका म्हणणाऱ्याचा मला हमखास राग येतो. मी म्हटलं, "कॉम्प्युटरचा दोष आहे. मी तो काल काढलाय. आज बघा तुम्ही."

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. मी सॉफ्टवेअर तपासणारी आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि आदल्या दिवशी मी दुपारभर बसून हा गेम तपासला होता. हा गेम सुरू करताना आधी एक छोटी चौकट येते. ती विचारते, चित्र कशातून काढू? डायरेक्टएक्स अकरा, डायरेक्टएक्स बारा की व्हल्कन? गेमला जे दाखवायचं आहे ते ग्राफिक्स कार्डाला कळवण्याच्या या तीन पद्धती. अकरा जुनी. तिच्यात कार्डाची मेमरी सांभाळणं, कशाला जागा द्यायची आणि काय बाहेर काढायचं, ही कटकट बहुतेक कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डासोबत येणारा प्रोग्रॅम, बघतो. बारा आणि व्हल्कन नव्या. त्यांत ते सगळं गेमने स्वतः सांभाळायचं. गेम नीट लिहिलेला असेल तर काम प्रोसेसरच्या सगळ्या भागांत वाटलं जातं आणि वेग छान मिळतो. नीट नसेल तर आपलं नशीब.

टर्बोने सुरुवातीपासून बारा लावून ठेवलं होतं, कारण बारामध्ये आकडा मोठा दिसायचा. सेकंदाला नव्वद चित्रं. अकरात जेमतेम साठ. पण नव्वद ही सरासरी झाली, आणि सरासरीवर विसंबून भिंत चुकत नाही. आमच्या कार्डाची मेमरी कमी. चाळीस गाड्या, प्रत्येकीचा रंग वेगळा, जाहिराती वेगळ्या. उतारावर त्या एकदम समोर आल्या की मेमरी भरायची, गेमला ते निस्तरता यायचं नाही आणि एखादं चित्र सेकंदाचा पाचवा भाग खाऊन बसायचं. ताशी दोनशेच्या वेगाने तेवढ्या वेळात गाडी अकरा मीटर जाते. आंधळी जाते. मी चित्रांचा दर्जा कमी करून बघितला, अडकणं कमी झालं पण गेलं नाही. अकरावर मात्र मी स्वतः चालवून बघितलं आणि रेघ सपाट. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ धावत असते, प्रत्येक चित्राला किती वेळ लागला ते दाखवणारी. चित्र अडकलं की तिला सुळका येतो. अकरावर एकही सुळका नाही. मी अकरा लावून ठेवलं आणि निवांत झोपले.

शर्यत दुपारी सुरू झाली. पहिली पाळी बाबांची. मी आईला भाजी निवडू लागत होते, टर्बोने गेम सुरू करून दिला. पहिला अर्धा तास बाबा छान चालवत होते. सुटताना चेंगराचेंगरीत सुद्धा त्यांनी कुणाला धक्का लावला नाही, बस ड्रायव्हरला प्रवाशांची सवय असते. मी हात पुसत येऊन मागे उभी राहिले तेव्हा ते उताराला लागले होते. पुढे सात-आठ गाड्यांचा घोळका होता.

चित्र थांबलं.

एका क्षणाचं काम. परत हललं तेव्हा भिंत समोर होती. टेबल थरथरलं, स्टिअरिंग बाबांच्या हाताला हिसका देऊन गेलं.

"हँग झालं!" टर्बो ओरडला.

माझी नजर कोपऱ्यातल्या रेघेवर होती. सुळका भाल्यासारखा उभा. आणि त्याच्या शेजारी, बारीक अक्षरांत, सध्या काय चाललंय ते लिहिलेलं असतं. तिथे बारा लिहिलं होतं.

मी काल अकरा लावलं होतं.

बाबांनी गाडी मागे घेतली, पुढचा पंख, म्हणजे नाकाशी असते ती आडवी पट्टी, मोडलेला तशीच पिटपर्यंत आणली, आणि डेंटिस्टने ती ताब्यात घेतली. हेडफोनमधून तो इतकंच म्हणाला, "ठीक आहे काका, बघतो मी." आवाज सभ्यच होता, पण त्यात जीव नव्हता. बाबा उठून आतल्या खोलीत गेले. शेवटची पाळी त्यांची होती, आणि ती यायला एक तासाच्या वर अवकाश होता.

मी टर्बोला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"अकरा होतं. बारा कुणी केलं?"

"आपोआप झालं असेल. अपडेट आलं असेल."

"माझ्याशी असलं बोलू नकोस. 'आपोआप' हा शब्द मी ऑफिसात रोज ऐकते, आणि रोज त्याच्या मागे एक माणूस सापडतो."

तो बेसिनच्या नळाकडे बघत राहिला. टर्बो गप्प बसला की मला भीती वाटते, कारण तसं कधी होत नाही.

"मी केलं," तो म्हणाला. "आज सकाळी. आणि अकरा सपाट चालतं हे शोधणारी तू पहिली नाहीस ताई. मला दोन आठवड्यांपूर्वीच कळलंय."

"मग?"

"तू एकटीने चालवून बघितलंस. मी बाबांना बसवलं होतं. सराव म्हणून, अकरावर, काही न सांगता." त्याने आवाज खाली आणला. "रेघ सरळ होती ताई. एवढीशीही हलली नाही. आणि तरी बाबा त्याच वळणाला भिंतीत गेले. दोनदा. मी ओरडलो, हँग झालं. त्यांना खरं वाटलं. मग मी परत बारा लावून टाकलं."

बाहेर हेडफोनमधून गाडीची घरघर बारीक ऐकू येत होती.

"बारावर असलं की दोष मशीनचा," तो पुढे म्हणाला. "संघातून काढलं तर मशीनमुळे काढलं. नवीन कॉम्प्युटर घेऊ म्हणता येतं. अकरावर काय म्हणणार? तूच सांग. त्यांना कोण सांगणार की तुमचा पाय गेला?"

मी त्याला मूर्ख म्हटलं. गाढव म्हटलं. आणखीही एक-दोन प्राण्यांची नावं घेतली. पण बोलताना माझ्या लक्षात आलं की मला त्याचा राग कमी आणि भीती जास्त वाटतेय. कारण सकाळी मी डेंटिस्टला छातीठोकपणे सांगितलं होतं, कॉम्प्युटरचा दोष. तो दोष काढून टाकला आणि खाली बाबांचाच पाय निघाला तर? मग त्या रेघेला मी काय म्हणणार होते?

आणि दुसरी गोष्ट टर्बो विसरला होता. येत्या आठवड्यात बाबांनी लायसन्ससाठी पुन्हा तपासणीची वेळ घेतली होती. मीच त्यांना घेऊन जाणार होते. "भिंतीत जातो तो खेळातला कॉम्प्युटर," असं ते शेजाऱ्यांना हसत सांगत होते. उद्या खऱ्या रस्त्यावर बसले तर? तिथे हँग झालं म्हणून कोण ओरडणार होतं?

मी हे टर्बोला सुनावत होते तेवढ्यात आई बोलली. ती सगळा वेळ ओट्याशी पाठ करून उभी होती. आमच्या घरात गुपित सांगायला स्वयंपाकघरात येतात आणि आई तिथेच असते हे दर वेळी विसरतात.

"तुम्ही दोघं पडद्याकडे बघता," ती म्हणाली. "मी त्यांच्याकडे बघते. गाडी आपटली की ते पडद्याकडे बघत नाहीत. खाली वाकून पायाकडे बघतात. आजही बघितलं. टर्बो हँग झालं म्हणून बोंबलतो ना, तेव्हा ते मान हलवतात, पण त्याचं मन राखायला. रात्री अंथरुणात पाय दाबून दाबून बघत असतात, इथे लागतंय का, तिथे लागतंय का." तिने गॅस बंद केला. "तुझ्या त्या बाराने त्यांचं काही झाकलं नाही रे. त्यांना नुसतं कळेनासं केलंस."

टर्बोचा चेहरा उतरला. त्याला काही बोलावं असं मला वाटेना, कारण आईने जे सांगितलं ते मलाही लागलं होतं. आम्ही दोघं झाकायचं की उघडायचं याचं भांडण करत होतो आणि ज्याचा पाय त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मी आतल्या खोलीत गेले. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. मोजा काढलेला होता.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. शेवटपर्यंत ऐका आणि मग ओरडा." मी सगळं सांगितलं. बारा का अडकतं, अकरा का अडकत नाही, टर्बोने काय केलं, आणि त्या दिवशी रेघ सरळ असताना काय झालं. तेही सांगितलं. मला ते लपवता आलं असतं, मी लपवलं नाही.

बाबांनी मोजा हातात घेतला. मग म्हणाले, "अकरा नंबरची बस म्हणजे आपल्याकडे पायी जाणं की गं."

मला हसू आलं नाही. त्यांना आलं.

"तिसरं काय म्हणालीस? व्हल्कन. ते का नको?"

"ते तसं सुरळीत चालतं. पण एखादी गोष्ट पहिल्यांदा समोर आली की ती कशी काढायची याची तयारी तिथल्या तिथे करत बसतं. एकदा केलेली तयारी साठवून ठेवतं, पण टर्बोने परवा कार्डाचा ड्रायव्हर बदलला, त्यामुळे साठवलेलं सगळं गेलं. तुमच्या पाळीला खेळात संध्याकाळ होणार, दिवे लागणार. पहिल्या दिव्याला झटका, पहिल्या सावलीला झटका. शिवाय काल दोनदा गेम आपोआप..." मी थांबले. "दोनदा बंद पडला. का ते मला सापडलं नाही."

"आणि अकरात ताकद कमी."

"कमी. घोळक्यात जरा जड चालेल. पण एकसारखं जड. झटका नाही."

"अकरात मेमरीचं कोण बघतं म्हणालीस?"

"ड्रायव्हर."

"मग अकराच लाव," बाबा म्हणाले. "ड्रायव्हरवर भरवसा नसेल तर गाडी काढायचीच कशाला?" ते मोजा चढवायला लागले. बोटं जरा थबकली. मी पुढे झाले नाही, कारण त्यांना ते आवडत नाही. "आणि ऐक. मला गाडी धड हवी. बस धड नसेल ना, तर माणूस चालवायला शिकत नाही, घाबरायला शिकतो. मी दोन महिने त्या उताराला घाबरून जातोय. कधी अडकेल, कधी अडकेल. एकदा मला बघू दे."

बोलण्यात तास कधी गेला ते कळलं नव्हतं आणि आता खरी धांदल होती. ही निवड गेम चालू असताना बदलता येत नाही. गेम बंद करायचा, त्या चौकटीत अकरा निवडायचं, पुन्हा सुरू करायचा आणि चालू शर्यतीत परत शिरायचं. वाट बघणाऱ्या चालकाला असं बाहेर जाऊन येता येतं. पण गाडी पिटमध्ये येईल तेव्हा तो जोडलेला नसेल तर चालक बदलत नाही, आणि बाबांच्या वाट्याचा वेळ भरला नाही तर गाडी बाद. मी डेंटिस्टला सांगितलं, "आम्ही बाहेर पडून परत येतोय."

"आत्ता?" तो म्हणाला. "ताई, माझं पेट्रोल दोन फेऱ्यांचं उरलंय."

"मग दोन फेऱ्या चालवा."

मी गेम बंद केला. चौकट आली. अकरा. सुरू करा. टर्बो माझ्या शेजारी उकिडवा बसला होता. गेम उघडला, मग शर्यतीत शिरण्याचा पट्टा सरकायला लागला. आमची डिस्क जुनी आहे, ती घासाघीस करणाऱ्या दुकानदारासारखी एकेक कण सोडते. पट्टा अर्ध्यावर आला आणि थांबला.

"एक फेरी," हेडफोनमधून आवाज आला.

बाबा खुर्चीत बसले. पट्टा हलेना. मला तो कॉम्प्युटर उचलून हलवावासा वाटत होता. आई दारात येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "बंद पडलं का?" आणि मी तिच्यावर ओरडले, जे मला नंतर पुष्कळ वेळा आठवलं.

"ताई, मी या फेरीला आत येतोय. थांबता येणार नाही. टाकी कोरडी आहे."

पट्टा एकदम सरकला. ट्रॅक दिसला, नावांची यादी दिसली. डेंटिस्टची गाडी पिटच्या गल्लीत शिरत होती. बाबांच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. गाडी थांबली, स्टिअरिंगला जीव आला, आणि बाबांनी दोन्ही हातांनी ते धरलं.

"घेतली," ते म्हणाले.

खेळातली संध्याकाळ झाली होती. मी डोळे कोपऱ्यातल्या रेघेवर रोवले. घोळक्यात शिरताना ती थोडी वर चढली, आकडा साठावरून पंचावन्नला आला, पण रेघ सपाट राहिली, दोरीवर ताणून वाळत घातलेल्या पंच्यासारखी. दिवे लागले, सपाट. पहिला उतार आला. बाबांनी भलताच लवकर ब्रेक लावला, झटक्याची वाट बघत. झटका आला नाही. दुसऱ्या फेरीलाही आला नाही. तिसऱ्या फेरीला त्यांचे खांदे खाली आले. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर ते चालवायला लागले, म्हणजे खरोखर चालवायला. त्यांनी एका गाडीला बाहेरून मागे टाकलं. टर्बोने माझा हात दाबला. हेडफोनमधून डेंटिस्ट म्हणाला, "वा काका."

आणि पुढच्याच फेरीला, उताराच्या शेवटी, ते भिंतीत गेले.

चित्र अडकलं नव्हतं. मी बघत होते. वळण शंभर मीटरवर आल्याची पाटी आली, ब्रेक लागायला हवा होता, आणि लागला तो जरा नंतर. तेवढंच. टेबल हादरलं. पुढचा पंख निघून बाजूला पडला. मागे टाकलेली गाडी आणि तिच्या मागची एक, दोन्ही पुढे निघून गेल्या.

"हँग झालं!" टर्बो ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "बाबा, पुन्हा हँग झालं!"

बाबा त्याच्याकडे वळले नाहीत. पायाकडेही त्यांनी बघितलं नाही. गाडी मागे घेता घेता ते माझ्याशी बोलले.

"रेघ कशी होती?"

मला खोटं बोलता आलं असतं. टर्बो डोळ्यांनी मला विनवत होता. हेडफोनच्या पलीकडे डेंटिस्टही ऐकत होता. एक शब्द पुरला असता. संघातली जागा, पुढच्या आठवड्यातली तपासणी, माझ्या बापाचा हसरा चेहरा, सगळं त्या एका शब्दाने आणखी काही दिवस तगलं असतं. माझे डोळे भरून आले आणि रेघ मला नीट दिसेना, पण दिसायची गरज नव्हती.

"सरळ होती, बाबा."

"अजिबात हलली नाही?"

"अजिबात नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

त्यांनी गाडी परत रस्त्यावर आणली. अर्धी फेरी त्यांनी सावकाश पुरी केली. मग त्यांचा आवाज आला, अगदी वेगळा. तो मी लहानपणी ऐकलेला होता, बसमध्ये केबिनच्या मागच्या सीटवर बसून. "म्हणजे पाय उशिरा पोचतो. नेहमी तेवढाच उशिरा. गाडी धड आहे, मला उशीर होतो. मग सोपं आहे. मी शंभरच्या पाटीला दाबत होतो. आता पाटीच्या आधी दिव्याने झाडाची सावली पडते ना, तिथेच दाबतो. टर्बो, ती सावली आली की मला सांग. एक-दोन फेऱ्या फक्त."

टर्बो पडद्याजवळ सरकला. मग आला आवाज, बारीक. "आली, बाबा."

गाडी वळली.

पुढच्या फेरीला पुन्हा. "आली." पुन्हा वळली. तिसऱ्या फेरीला बाबा म्हणाले, "आता नको सांगूस." मोडक्या पंखाने गाडी जरा रुसत होती, वेग कमी होता, पण प्रत्येक फेरीला उतारावर ब्रेक त्याच सावलीशी लागत होता आणि गाडी त्याच रेषेतून बाहेर पडत होती. मी कोपऱ्याकडे बघायचं सोडून दिलं. बाकीच्या गाड्या आमच्या पुढे निघून जात होत्या. बाबांना त्याचं काही वाटत नव्हतं. वेळापत्रक सांभाळणाऱ्या माणसासारखे ते चालवत होते.

आम्ही एकोणिसावे आलो. शर्यत संपली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आईने फक्त पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

हेडफोनमध्ये डेंटिस्टने घसा साफ केला. "काका, मी तुमच्या फेऱ्यांच्या वेळा बघतोय. भिंतीनंतरच्या सगळ्या जवळजवळ एकसारख्या आहेत. माझ्यासुद्धा अशा येत नाहीत." तो थांबला. "मघाशी ताईंनी सरळ सांगितलं तेही ऐकलं मी. त्या पोराला मी कळवतो. पुढच्या वेळी शेवटची पाळी तुमचीच ठेवू या."

"ठेवा," बाबा म्हणाले. "पण डॉक्टर, मी सावकाश जाणार. तुम्हाला पुढे काढून ठेवावं लागेल."

"काढीन की."

टर्बो जमिनीवरच बसून होता. बाबांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली, हलकी नव्हे, चांगली लागेल अशी. "पुन्हा माझ्या गाडीत माझ्या परवानगीशिवाय बिघाड ठेवलास तर कान उपटीन. आणि ती कोपऱ्यातली रेघ काढून टाक. आता लागत नाही."

टर्बोने मान हलवली आणि लगेच रेघ बंद करायच्या नादात जाऊन बसला. त्याला तेवढं काम हवंच होतं.

मी टेबलावरून स्टिअरिंग सोडवायला घेतलं, निदान रात्री तरी बसून जेवता यावं म्हणून. बाबा खुर्चीतच होते. त्यांनी उजवा पाय पेडलवरून उचलून जमिनीवर ठेवला आणि गुडघ्यावरून एकदा हात फिरवला.

"तपासणीची वेळ घेतली आहे ना आपण," ते मला म्हणाले, "ती रद्द कर."

"बाबा, मी फक्त खेळातलं..."

"तू खरं सांगितलंस. मीही खरंच सांगतोय." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "इथे मला ठाऊक असतं, भिंत रोज त्याच जागी आहे. मी ब्रेक आधी लावू शकतो. रस्त्यावर कुणाचं लेकरू धावत पुढे आलं, तर ते झाडाच्या सावलीशी थांबून मला आधी सांगणार आहे का?"

मी स्क्रू फिरवत राहिले. तो केव्हाच सुटला होता.

"उद्या सकाळी फोन करते," मी म्हटलं.

"कर," बाबा म्हणाले. "आणि ते अकराच राहू दे."